पाळीच्या वहीत डॉक्टर काय शोधतात

"शेवटची पाळी कधी आली?" स्त्रीरोगतज्ज्ञांच्या खोलीत हा प्रश्न पहिल्या मिनिटालाच येतो. उत्तरं येतात ती अशी: "गणपतीच्या आधी आठवडाभर", "नणंदेच्या केळवणाच्या वेळी", "मागच्या महिन्यात, बहुतेक पंधरा-सोळाला". मग डॉक्टर आणि बाई दोघी मिळून उलटं मोजत बसतात. तपासणीला, शंका विचारायला मिळणारा वेळ या मोजणीत जातो आणि शेवटी कागदावर लिहिली जाते ती अंदाजे तारीख.

म्हणून पाळीची तक्रार असेल तर नोंद ठेवून या, असं डॉक्टर सांगतात. पण नोंद कशाची ठेवायची, हे क्वचितच सांगितलं जातं. मग कुणी मोबाइलच्या ॲपमध्ये पोट फुगणं, पुरळ, झोप, गोड खाण्याची इच्छा असं सगळं टिपून आणतं, तर कुणी नुसते लाल गोल केलेलं कॅलेंडर आणतं. पहिल्या भेटीत यातलं काय खरंच उपयोगी पडतं, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे. माझ्या मते कसोटी एकच आहे: ती नोंद पाहून डॉक्टरांचा पुढचा निर्णय बदलतो का? या कसोटीवर चार गोष्टी टिकतात. तारखा, रक्तस्रावाचं प्रमाण, दुखण्याची वेळ आणि घेतलेली औषधं. मनःस्थितीची नोंद पाचवी. ती सगळ्यांनाच लागत नाही, पण ज्यांना लागते त्यांच्यासाठी तिच्यावाचून निदानच होत नाही.

तारखेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पाळीचा पहिला दिवस म्हणजे पॅड किंवा कापड घ्यावंच लागेल इतकं रक्त जायला लागलं तो दिवस. त्याआधी दोन दिवस तपकिरी डाग दिसले असतील तर ते वेगळे लिहायचे. ते पहिल्या दिवसात धरायचे नाहीत. एका पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, ती चक्राची लांबी. पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचे दिवस मोजायची सवय अनेकींना असते. त्यामुळे अठ्ठावीस दिवसांचं चक्र बावीसचं वाटतं आणि "पाळी फार लवकर येते" ही तक्रार तयार होते.

स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना फिगो हिने २०१८ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार २४ ते ३८ दिवसांचं चक्र नेहमीचं मानलं जातं आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत चालणंही. २६ ते ४१ या वयात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्रात सात दिवसांपर्यंतचा फरक चालतो. त्याहून लहान आणि त्याहून मोठ्या वयात नऊपर्यंत. घड्याळाच्या काट्यासारखी अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी आली नाही म्हणजे काही बिघडलं, असं नाही.

एक नमुना घेऊन पुढे जाऊ. ही बाई कल्पित आहे, पण अशा बाया रोज दवाखान्यात येतात. वय ३९, दोन मुलं, शाळेच्या कार्यालयात नोकरी. तक्रार दोन वाक्यांची: "महिन्यातून दोनदा पाळी येते. अंगावरून फार जातं." तिच्याकडे पहिल्या दिवसाच्या चार तारखा आहेत: ३ जानेवारी, २९ जानेवारी, २५ फेब्रुवारी, २३ मार्च. मोजून पाहा. २६ दिवस, २७ दिवस, २६ दिवस. जानेवारीत खरोखरच दोनदा पाळी आली, पण ती कॅलेंडरच्या पानामुळे. चक्र उत्तम नियमित आहे. चार तारखांनी तिची अर्धी तक्रार बाजूला काढली आणि उरलेल्या अर्ध्या तक्रारीला नेमका अर्थ दिला. पाळी इतकी नियमित येते, तेव्हा बहुधा दर महिन्याला बीज सुटत असावं. म्हणजे जास्त रक्तस्रावाचं कारण संप्रेरकांच्या गोंधळापेक्षा गर्भाशयातच असण्याची शक्यता वाढते.

याच्या उलट प्रकारही घडतो. ॲप सरासरी दाखवतं: ३४ दिवस. बाई निर्धास्त. पण ही सरासरी २४, ४५, २८ आणि ३९ या चक्रांची असेल तर? सगळ्यात लहान आणि मोठ्या चक्रात २१ दिवसांचं अंतर आहे आणि ते सरासरीने झाकून टाकलं. डॉक्टरांना सरासरी दाखवू नये, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा दाखवाव्यात. जमलं तर वर्षभराच्या. पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटल्यावरही चक्र ३५ दिवसांच्या पुढे जात असेल किंवा वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, तर पीसीओएसचा विचार सुरू होतो, आणि वर्षाचा हिशेब आठवणीतून नीट सांगता येत नाही. ॲपमधली आणखी एक गोष्ट: बीज सुटण्याचा म्हणून दाखवलेला दिवस हा गणिताने काढलेला अंदाज असतो. तो घडलेली गोष्ट म्हणून डॉक्टरांना सांगू नये.

आपल्याकडे तारखांचा हिशेब बिघडवणारी एक खास गोष्ट आहे, ती म्हणजे पाळी पुढे ढकलण्याची गोळी. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न, वारी, काहीही असो, औषधाच्या दुकानातून नॉरएथिस्टेरॉनची पाकिटं येतात. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा घ्यायची ही गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तो औषध थांबवल्यामुळे झालेला असतो. शरीराने आपणहून आणलेल्या पाळीशी त्याची तुलना करता येत नाही. वहीत ही नोंद नसेल तर भाद्रपदातलं ४१ दिवसांचं चक्र आजार म्हणून वाचलं जातं आणि नको त्या तपासण्या लिहिल्या जातात. तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली तरी त्या महिन्याची पाळी मागेपुढे होते. ज्या महिन्यात अशी गोळी घेतली, त्या तारखेशेजारी फुली मारून गोळीचं नाव लिहावं.

आता प्रमाण. "खूप जातं" यावर डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही, कारण एकीचं खूप ते दुसरीचं नेहमीचं असतं. आई-बहिणींनाही तसंच होत असेल तर तेच सगळ्यांचं, असं वाटत राहतं. वैद्यकशास्त्रही या मोजमापाशी बराच काळ झगडलं आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातल्या स्त्रियांवर झालेला हॉलबर्ग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वापरलेल्या पॅडमधलं रक्त प्रयोगशाळेत मोजलं होतं आणि त्यावरून ८० मिलिलिटरची मर्यादा पुढे आली. पण दवाखान्यात कोण पॅड गोळा करणार? ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मिलिलिटरचा आग्रहच सोडला. ज्या रक्तस्रावामुळे बाईच्या शरीरावर, मनावर, घराबाहेरच्या वावरावर परिणाम होतो तो जास्त, अशी व्याख्या तिथे केली आहे. मला ही व्याख्या पटते. बाईचं म्हणणं खरं की खोटं हे तपासण्यात वेळ न घालवता उपचाराकडे वळता येतं.

तरीही आकड्यांचा उपयोग आहे, आणि त्यासाठी हिगम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेला चित्रतक्ता सोपा आहे. पॅड बदलताना तो किती भिजला ते पाहायचं. हलका डाग असेल तर १ गुण, मध्यम भिजला तर ५, पूर्ण भिजला तर २०. छोट्या गाठीला १, मोठ्या गाठीला ५. पाळी संपली की बेरीज करायची. मूळ अभ्यासात १०० च्या वरची बेरीज साधारण ८० मिलिलिटरच्या वर जाणारी ठरली. पुढच्या काही अभ्यासकांनी ही रेषा १८५ पर्यंत वर नेली. म्हणून १०५ आणि ९५ यांत फरक मानण्यात अर्थ नाही. ४० आणि २४० यांत मात्र नक्की आहे.

आपल्या नमुन्यातल्या बाईची २९ जानेवारीची पाळी या तक्त्यावर मांडू. पहिल्या दिवशी दोन मध्यम पॅड: १०. दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण भिजलेले, दोन मध्यम आणि दोन मोठ्या गाठी: १००, १० आणि १० मिळून १२०. तिसऱ्या दिवशी तीन पूर्ण, तीन मध्यम आणि दोन छोट्या गाठी: ७७. चौथ्या दिवशी चार मध्यम: २०. पुढचे तीन दिवस हलके, अनुक्रमे तीन, दोन आणि एक पॅड: ६. एकूण २३३. याशिवाय तिने तीन ओळी लिहिल्या आहेत: दुसऱ्या रात्री दोनदा उठून पॅड बदलला, चादर खराब झाली, तिसऱ्या दिवशी रजा. या तीन ओळींना तक्त्यात गुण नाहीत, पण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या बेरजेइतक्याच वजनदार आहेत. गाठीचा आकार सांगायला दहा रुपयांचं नाणं बरं पडतं. ते अडीच सेंटिमीटरहून किंचित मोठं असतं, आणि साधारण त्याहून मोठ्या गाठींकडे डॉक्टर लक्ष देतात.

तक्त्याच्या मर्यादा मात्र इथेच सांगायला हव्यात. दिवसाला किती पॅड लागले यावरून रक्त किती गेलं हे नेहमी कळत नाही. एसटीत वाहक असलेली, शेतात राबणारी किंवा दुकानात उभी असलेली बाई सहा-सात तास पॅड बदलूच शकत नाही, कारण जायला जागा नसते. तिचा आकडा कमी भरतो, त्रास मात्र जास्त असतो. उलट एखादी स्वच्छतेसाठी जरा डाग पडला की बदलते. म्हणून संख्येबरोबर भिजण्याचं प्रमाण आणि दोन बदलांमधले तास लिहावेत. जी कापड वापरते तिला हे गुण लागूच पडत नाहीत. तिने किती वेळा बदललं, बाहेर डाग पडला का, रात्री उठावं लागलं का, एवढं लिहिलं तरी पुरे. मेन्स्ट्रुअल कप वापरणारीचं काम सगळ्यात सोपं: अनेक कपांवर आतून मिलिलिटरच्या खुणा असतात. रिकामा करताना आकडा टिपला की झालं.

अशी नोंद समोर आली की डॉक्टरांच्या डोक्यात कारणांची यादी गाळली जाते. नियमित पण जास्त रक्तस्राव असेल तर फायब्रॉइडच्या गाठी, ॲडेनोमायोसिस म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरणं, पॉलिप, तांबी बसवलेली असणं, किंवा रक्त गोठण्यातला दोष या दिशेने विचार जातो. अनियमित आणि जास्त असेल तर बीज न सुटणं, थायरॉइड, पीसीओएस. आपल्या बाईसाठी पहिल्या भेटीतच हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची चाचणी आणि सोनोग्राफी ठरेल. फायब्रॉइड की ॲडेनोमायोसिस, हे वही सांगू शकत नाही. ते सोनोग्राफीच सांगेल. पण एक प्रश्न बाईने घरूनच विचार करून यावा: हे केव्हापासून? दोन वर्षांपासून, की पहिल्या पाळीपासूनच? पहिल्या पाळीपासून जास्त जात असेल, दात काढल्यावर रक्त थांबलं नसेल, बाळंतपणात खूप गेलं असेल किंवा घोळणा वारंवार फुटत असेल, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्या लागतात. मुलीच्या बाबतीत ही माहिती आईकडेच असते.

दुखण्याच्या नोंदीत शून्य ते दहा गुण देण्याची पद्धत आहे. ती ठेवावी, पण पहिल्या भेटीत त्याहून उपयोगी असते ती वेळ. दुखणं रक्तस्रावाबरोबर किंवा काही तास आधी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं, पहिल्या काही पाळ्यांपासूनच असं आहे, तर ते बहुतेक वेळा साधं पाळीचं दुखणं असतं. दुखणं तीन-चार दिवस आधीच सुरू होतं, वर्षागणिक वाढतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते, असं असेल तर एंडोमेट्रिओसिसची शंका येते. शौचाच्या वेळची कळ बायका आपणहून सांगत नाहीत, कारण ती पोटाची तक्रार वाटते. वहीत ती पाळीच्या तारखेशेजारी लिहिली गेली की संबंध आपोआप दिसतो. गोळीचीही नोंद हवी: कोणती, किती वाजता, उतार पडला का. मेफेनॅमिक ॲसिडसारखी वेदनाशामक गोळी योग्य वेळी घेऊनही उतार पडत नसेल, तर तेही डॉक्टरांना पुढे शोध घ्यायला लावतं.

मनाच्या आणि शरीराच्या पाळीपूर्व त्रासासाठी नोंदीचे नियम वेगळे आहेत, आणि इथे वही थेट निदानाचं साधन होते. चिडचिड, रडू येणं, कशातच मन न लागणं हे पाळीआधी होतं असं जिला वाटतं, तिच्या आठवणीवर डॉक्टर पूर्ण विसंबत नाहीत. वाईट दिवस लक्षात राहतात, बरे दिवस निसटतात. म्हणून किमान दोन चक्रं रोज रात्री तीन-चार लक्षणांना एक ते सहा असे गुण द्यायचे. पाळीपूर्व त्रासाचा तीव्र प्रकार, पीएमडीडी, याचं निदान पक्कं करायला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनीही दोन चक्रांची अशी रोजची नोंद मागितली आहे. ही पानं वाचताना डॉक्टर वाईट आठवड्याइतकाच चांगला आठवडाही शोधतात. पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत गुण खाली आले आणि पुढचा आठवडा स्वच्छ गेला, तर त्रास पाळीपूर्व. महिनाभर गुण चढेच असतील आणि पाळीआधी फक्त आणखी चढत असतील, तर मूळ नैराश्य, चिंता किंवा थायरॉइड शोधावं लागतं आणि उपचाराची दिशा बदलते. म्हणून त्रासाच्या दिवशीच लिहिणं आणि बऱ्या दिवशी वही मिटून ठेवणं इथे चालत नाही.

जुने अहवाल आणताना एक काम घरीच करून टाकावं. प्रत्येक सोनोग्राफीच्या कागदावर, ती पाळीच्या कितव्या दिवशी केली ते पेन्सिलीने लिहावं. अस्तराची जाडी १३ मिलिमीटर असं छापलेलं असतं आणि बाई घाबरते. बाविसाव्या दिवशी ही जाडी अगदी नेहमीची. पाळी संपल्या संपल्या इतकी असेल तर मात्र पुन्हा पाहावं लागतं. प्रोजेस्टेरॉनची चाचणीही अशीच. "एकविसाव्या दिवशी करा" हे २८ दिवसांच्या चक्रासाठी ठीक आहे. ३५ दिवसांचं चक्र असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी, कारण पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधीचा आकडा हवा असतो. तारखा नसतील तर चाचणी चुकीच्या दिवशी होते आणि बीज सुटत असूनही सुटत नाही असा निष्कर्ष निघतो.

औषधांच्या यादीत गर्भनिरोधक, थायरॉइड, रक्त पातळ करणारी, मनोविकाराची औषधं आणि कुणाकडून आणलेला काढा किंवा चूर्ण, सगळं यावं. आणखी एक गोष्ट कागदावर लिहिणं सोपं जातं. आपल्याकडे डॉक्टर "लग्न झालंय का?" असं विचारतात, पण त्यांना जाणून घ्यायचं असतं ते शारीरिक संबंधांबद्दल. गर्भधारणेची शक्यता आणि योनीमार्गातून सोनोग्राफी करता येईल का, हे त्या उत्तरावर ठरतं. आई किंवा सासूबाई शेजारी बसलेल्या असताना हे बोलता येत नाही. चिठ्ठी लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावी, किंवा "मला एकटीला बोलायचंय" असं सांगावं. चांगले डॉक्टर सोबतच्यांना स्वतःहून बाहेर बसवतात. घरात वही कुणाच्याही हाती पडणार असेल, तर संबंध, त्यानंतरचा रक्तस्राव, गोळ्या यांसाठी आपल्यालाच कळतील अशा खुणा वापराव्यात. कालनिर्णयवरच नोंद ठेवणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं, कारण दुधाच्या हिशेबाशेजारचा तो चौकोन घरातले सगळे वाचतात.

काही वेळा मात्र वही भरत बसण्यात धोका आहे. पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायला जावं. संबंधानंतर रक्त दिसलं, गर्भधारणेची शक्यता असताना रक्तस्राव किंवा एका बाजूला तीव्र दुखणं सुरू झालं, दोन तास लागोपाठ दर तासाला पॅड पूर्ण भिजला, चक्कर किंवा धाप लागली, तर तीन महिन्यांची नोंद पूर्ण करायची म्हणून थांबू नये. पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, अशा मुलीकडे तर नोंदवायला काही नसतंच. तिला थेट दाखवायचं.

वहीचा एक उपयोग महाराष्ट्रात वेगळा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जाणं, पाळीत जास्त जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारींवर तरुण वयात "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला होता. पहिल्याच भेटीत असा सल्ला मिळाला तर समोर नोंद ठेवून विचारावं: अस्तराची तपासणी झाली का, गोळ्या किंवा संप्रेरक असलेलं साधन वापरून पाहिलं का, हिमोग्लोबिन किती आहे. शस्त्रक्रिया काही जणींना खरोखर लागते. पण रक्त किती जातं हे न मोजता ती ठरू नये.

पहिल्या भेटीला घेऊन जायचा कागद एका पानाचा असावा. वर शेवटच्या सहा पाळ्यांचे पहिले दिवस, त्याखाली सगळ्यात जास्त रक्त गेलेल्या दिवसाचा हिशेब, दुखणं केव्हा सुरू होतं आणि केव्हा थांबतं, औषधं, बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया, आणि शेवटी या त्रासामुळे काय अडतं ते एका वाक्यात. पूर्ण वही पिशवीत असू द्यावी. डॉक्टरांना लागली तर ते मागतील.

भेटीनंतर तेच रकाने पुढे चालू ठेवावेत, फक्त औषधाचा एक वाढवावा. आपल्या बाईला पाळीच्या दिवसांत घ्यायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं, तर २३३ ची बेरीज दोन-तीन पाळ्यांत कुठे येते ते दिसेल. ती १३० च्या आसपास आली आणि रात्रीचं उठणं थांबलं, तर औषध काम करतंय. २१० वरच राहिली तर बदलायला हवं. गर्भाशयात संप्रेरकाचं साधन बसवलं तर सुरुवातीचे तीन ते सहा महिने अवेळी डाग पडणं अपेक्षित असतं. पुष्कळ बायका याच काळात कंटाळून ते काढून टाकतात. वहीत डागांचे दिवस महिन्यागणिक कमी होत असतील, तर ते साधन आत राहू द्यावं की नाही, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं.